दोन हजार डॉलरचे 1,70,800 रुपये व्हायला हवे होते. मग 3,640 रुपये कुठे गेले?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कराडला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा शिकागोला असतो आणि त्याने गेल्या जूनमध्ये घरखर्चासाठी त्याच्या बँकेतून माझ्या इथल्या खात्यावर 2,000 डॉलर पाठवले. त्या दिवशी संध्याकाळी गूगलवर डॉलरचा दर 85.40 रुपये दिसत होता, म्हणजे सरळ गुणाकार केला तर 1,70,800 रुपये यायला हवे होते. खात्यावर मात्र 1,67,160.28 रुपये जमा झाले. बँकेने दिलेल्या सूचनापत्रावर चार आकडे आहेत: रक्कम 1,982 डॉलर, दर 84.55, जीएसटी 240.82 आणि सेवाशुल्क करासह 177.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, मुलाने 2,000 पाठवले असताना पत्रावर 1,982 कसे? दुसरा आणि मला अधिक खटकणारा, सगळ्या जगाला 85.40 दिसत असताना बँकेने मला 84.55 कोणत्या आधारावर लावला? शाखेत विचारले तेव्हा "काका, रेट वरून येतो" एवढेच उत्तर मिळाले. ही सरळसरळ लूट आहे असे माझे मत झाले आहे. ते चुकीचे असेल तर समजावून सांगावे.

अवधूत_स

काका, गूगलवरचा दर हा नुसता दाखवण्याचा असतो, त्या दराने जगात कोणालाच पैसे मिळत नाहीत. खरा दर रिझर्व्ह बँक रोज ठरवून देते आणि बँका तो लावतात. त्यातून 18 टक्के जीएसटी जातो, म्हणून रक्कम कमी दिसते. आपण वाशीच्या बाजारातला घाऊक भाव पाहून दारावरच्या भाजीवाल्याशी भांडत नाही, तसेच हे आहे.

जुना_डीलर

मी एका बँकेच्या मुंबईतल्या ट्रेझरीत बरीच वर्षे डॉलरची खरेदी-विक्री केली आहे, त्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

अवधूत यांचे अर्धे बरोबर आहे. गूगलवर दिसतो तो मध्यदर असतो. बँका आपापसांत डॉलर घेतात आणि विकतात तेव्हा प्रत्येक क्षणी दोन भाव असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक विकणाऱ्याचा, आणि त्या दोघांच्या बरोबर मधला आकडा म्हणजे मध्यदर. तो आकडा खोटा नाही, पण तो कोणीही पुढे केलेला भाव नाही. बँकाबँकांमधले सौदे साधारणपणे दहा लाख डॉलरच्या पटीत होतात आणि बाजार शांत असताना त्या दोन भावांतली फट बहुधा एखाद्या पैशाच्या आतच असते. म्हणून मोठ्या खेळाडूच्या दृष्टीने मध्यदर आणि प्रत्यक्ष दर जवळजवळ एकच असतात.

रिझर्व्ह बँक मात्र ग्राहकाचा दर ठरवत नाही. 1993 पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक अधूनमधून स्वतः डॉलर घेऊन किंवा विकून चढउतार आवरते, आणि दुपारी जो संदर्भदर जाहीर होतो तो 2018 पासून एफबीआयएल ही संस्था त्या दिवशीच्या प्रत्यक्ष सौद्यांवरून काढते. तुमच्या शाखेने कोणता दर लावावा हे त्यांपैकी कोणीही सांगत नाही.

शाखेतल्या माणसाने "वरून येतो" म्हटले ते मात्र अक्षरशः खरे आहे. सकाळी बाजार सुरू झाला की ट्रेझरी त्या वेळची पातळी पाहते आणि एक तक्ता सगळ्या शाखांना पाठवते. त्याला आम्ही कार्ड रेट म्हणतो. त्यात एकाच डॉलरचे अनेक दर असतात. तारेने आलेल्या पैशासाठी टीटी बाइंग, तारेने बाहेर जाणाऱ्या पैशासाठी टीटी सेलिंग, हुंडीसाठी वेगळे आणि नोटांसाठी त्याहून वेगळे. नोटांमधली फट सर्वांत मोठी असते, कारण नोटा आणाव्या लागतात, त्यांचा विमा काढावा लागतो, आणि त्या कपाटात पडून राहतात तोवर त्यांवर काही मिळत नाही. तुम्हाला लागला तो टीटी बाइंग.

आता हा तक्ता सकाळी निघतो आणि बाजार फारच हलला नाही तर दिवसभर तोच चालतो. दुपारी रुपया वीस पैशांनी वधारला तरी बँक तुम्हाला सकाळचाच दर देते, म्हणून ती सकाळीच उशी ठेवते, म्हणजे दर थोडा खालीच धरते. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे: स्क्रीनवरचा दर दोन कामकाजी दिवसांनी होणाऱ्या देवाणघेवाणीचा असतो, आणि तुम्हाला रुपये आजच हवे असतात. या दोन दिवसांच्या फरकासाठी एखादा पैसा जातो. परंतु उशी, दोन दिवस आणि कागदपत्रे असे सगळे धरले तरी 85 पैसे भरत नाहीत. उरलेला भाग नफा आहे, हे मी कबूल करतो.

तो नफा कसा होतो तेही पाहा. ज्या दिवशी बँकेने तुमचे डॉलर 84.55 ने घेतले, त्याच दिवशी पुण्यातल्या कोणा विद्यार्थ्याला 86.25 च्या आसपास डॉलर विकले असतील. तुमचे 1,982 आणि त्याचे 1,982 एकमेकांत वळते झाले, बाजारात जावेच लागले नाही, आणि मधले 1 रुपया 70 पैसे बँकेकडे राहिले. मध्यदर म्हणजे या दोघांच्या मधली रेघ. त्यातले अर्धे तुम्ही भरले आणि अर्धे त्याने. सराफ मोडीचा भाव वेगळा आणि विक्रीचा वेगळा लावतो, ती रीत आणि ही रीत एकच. भाजीचा दाखला मात्र इथे पुरता लागू पडत नाही, कारण भाजी वाहून आणावी लागते आणि सडते. तुमचा डॉलर तर न्यूयॉर्कमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फक्त नोंदीने सरकला.

1,982 चा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा दराशी काहीही संबंध नाही. पैशांबरोबर बँकाबँकांतून जो संदेश येतो त्याची प्रत तुमच्या बँकेकडे मागा, ती त्यांना काढून देता येते.

हिशेबी

जीएसटीपुरती दुरुस्ती करतो. 18 टक्के कर पूर्ण रकमेवर लागत नाही, तो चलन बदलून देण्याच्या सेवेच्या मूल्यावर लागतो, आणि नियमाने ते मूल्य टप्प्यांनी ठरवले आहे. पहिल्या एक लाखापर्यंत एक टक्का, म्हणजे जास्तीत जास्त 1,000 रुपये. त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या भागावर अर्धा टक्का. काकांच्या बाबतीत 1,982 गुणिले 84.55 म्हणजे 1,67,578.10 रुपये. लाखावरच्या 67,578.10 चा अर्धा टक्का 337.89, त्यात 1,000 मिळवले की 1,337.89, आणि त्याचे 18 टक्के म्हणजे 240.82. बँकेचा आकडा पैशापर्यंत जुळतो.

यातली गंमत अशी की त्याच नियमात मूल्य काढण्याची दुसरी रीतही आहे: बँकेचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भदर यांच्यातला फरक गुणिले डॉलर. म्हणजे दरातली तफावत हीच सेवेची किंमत आहे, हे कायद्याने स्वतः मान्य केले आहे. तरीही पावतीवर तिचा उल्लेख कुठेच नसतो.

मीनल_प

मला वाटते यात टीसीएसचा, म्हणजे बँक आगाऊ गोळा करते त्या आयकराचाही भाग असावा. माझी मुलगी जर्मनीत शिकते आणि तिची 6,000 युरो फी भरताना बँकेने मला टीसीएसबद्दल बराच वेळ समजावून सांगितले होते. त्या वेळी युरो साधारण 97 ला दिसत होता आणि मला 99.20 चा दर सांगितला होता. हा दोन रुपये वीस पैशांचा फरक करामुळेच होता ना?

जुना_डीलर

नाही, मीनलताई. टीसीएस देशाबाहेर पैसे पाठवताना लागतो आणि तोही सध्याच्या नियमाप्रमाणे आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेल्यावर. शिवाय तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणजे तो खर्च नव्हे. काकांचे पैसे आत आले आहेत, त्यांना तो लागण्याचा प्रश्नच नाही. तुमची रक्कमही सहा लाखांच्या आतली, तेव्हा तुम्हालाही लागला नसणार. तुम्हाला सांगितलेले 2 रुपये 20 पैसे ही निव्वळ दरातली तफावत होती, 6,000 युरोंवर 13,200 रुपये.

तुम्ही तोच दर स्वीकारला का, हे सांगाल का?

मीनल_प

नाही, आणि ते योगायोगाने झाले. फॉर्म भरत असताना शेजारी बसलेल्या एका व्यापारी गृहस्थांनी "ताई, कार्ड रेटने भरू नका, ट्रेझरीचा रेट मागा" असे हळूच सांगितले. मी विचारल्यावर अधिकाऱ्यांनी फोन लावला, फोन कानाला धरूनच "97.60, आत्ता हो म्हणायचे आहे" असे सांगितले, आणि मी हो म्हटले. विचारण्यापलीकडे मी काहीही केले नाही आणि 9,600 रुपये वाचले. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की जे विचारत नाहीत त्यांचे काय होते.

जुना_डीलर

ते 99.20 ने भरतात. फोनवर दर देताना डीलर तो त्याच क्षणीच्या बाजारावरून देतो आणि लगेच बाजारात वळता करतो, त्यामुळे दिवसभराची उशी लागत नाही. "आत्ता हो म्हणा" असे म्हणतात ते त्यासाठीच. साधारण पाच हजार डॉलरच्या वर असे दर मागितले तर बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. पाचशे डॉलरसाठी कोणी फोन उचलणार नाही.

निशांत_न्यूजर्सी

काका, तुमच्या मुलाने बँकेची वायर वापरली हीच मूळ चूक आहे. इथे बहुतेक भारतीय लोक अॅपवरून पाठवतात. "शून्य शुल्क" लिहिलेले अॅप निवडले की सगळे पैसे पोचतात. मी गेली कित्येक वर्षे एक पैसाही शुल्क दिलेले नाही.

हिशेबी

निशांत, तुम्ही शुल्क दिले नाही, पण दर काय मिळाला? काकांच्याच दिवसाचे आकडे घेऊन दोन अॅप कल्पनेने समोर ठेवू. एक शून्य शुल्काचे, जे 84.75 दर देते. दुसरे 15 डॉलर शुल्क घेणारे, जे 85.38 म्हणजे जवळजवळ मध्यदर देते.

2,000 डॉलर पाठवले तर पहिल्यातून 1,69,500 रुपये पोचतात. दुसऱ्यातून 1,985 गुणिले 85.38, म्हणजे 1,69,479. फरक फक्त 21 रुपयांचा. आता 500 डॉलर पाठवा: पहिल्यातून 42,375 आणि दुसऱ्यातून 41,409, म्हणजे "शून्य शुल्क" जवळजवळ हजार रुपयांनी चांगले. आणि 10,000 डॉलर पाठवा: पहिल्यातून 8,47,500 आणि दुसऱ्यातून 8,52,519, म्हणजे तेच "शून्य शुल्क" पाच हजारांनी महाग. शुल्क स्थिर राहते आणि तफावत रकमेबरोबर वाढते, त्यामुळे कोणते अॅप स्वस्त याला रक्कम सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. प्रत्यक्षात काही अॅपचे शुल्कही रकमेबरोबर थोडे वाढते, म्हणजे हिशेब आणखी सरकतो.

निशांत_न्यूजर्सी

हे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. मी दरमहा सहाशे-सातशे डॉलर पाठवतो, त्यामुळे मला ते परवडत आले असावे. तरी एक सांगतो. पहिल्यांदा पाठवले तेव्हा मला गूगलपेक्षा जास्त दर मिळाला होता, त्याचे काय?

आणि अमेरिकेतल्या नियमाची माहिती काकांच्या उपयोगी पडेल. ऑक्टोबर 2013 पासून इथल्या सेवादात्याला पैसे घेण्याआधीच शुल्क, दर आणि समोरच्याला किती मिळणार हे लिहून द्यावे लागते, आणि पैसे भरल्यावर अर्ध्या तासात व्यवहार रद्द करता येतो. वाटेत काही शुल्क कापले जाणार असेल तर तेही त्यात येते. तुमच्या मुलाला बँकेने असा कागद किंवा ईमेल दिला असेल, तो शोधायला सांगा. मध्यदर काय होता हे मात्र त्यात लिहावे लागत नाही.

अवधूत_स

निशांत, पण आता अमेरिकेने पैसे पाठवण्यावर एक टक्का करही लावला आहे ना? मग अॅप असो की बँक, तो जाणारच.

निशांत_न्यूजर्सी

तो 1 जानेवारी 2026 पासून आहे, पण रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवणाऱ्यांसाठी. इथल्या बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट कार्डाने पाठवले तर लागत नाही.

जुना_डीलर

निशांत यांच्या पहिल्या अनुभवाबद्दल: गूगलपेक्षा जास्त दर म्हणजे ती कंपनी तुमच्या व्यवहारावर स्वतःच्या खिशातून पैसे घालते. ही नव्या ग्राहकासाठीची सवलत असते, बहुधा पहिल्याच व्यवहारापुरती आणि ठराविक डॉलरपर्यंत. दुसऱ्या वेळी त्याच पडद्यावर दर पाहा म्हणजे तुमचा नेहमीचा दर कळेल. शनिवारी-रविवारी तुलना करू नका, हेही सांगतो. बाजार बंद असतो, गूगल शुक्रवारचाच आकडा दाखवत राहते, आणि सोमवारी बाजार कुठे उघडेल हे माहीत नसल्याने सेवादाते उशी वाढवतात. तफावत सर्वांत मोठी दिसते ती तेव्हा.

देवगडकर_दुबई

आमच्याकडे इतका गोंधळ नसतो. देरामधल्या एक्स्चेंज हाऊसच्या खिडकीवर दर लिहिलेला असतो, आपण दिरहम मोजून द्यायचे, आणि आई गावाहून फोन करते की पैसे आले. गेल्या जूनमध्ये 3,000 दिरहम पाठवले तेव्हा दर 23.15 होता आणि शुल्क 15 दिरहम, त्यावर व्हॅट. आईला 69,450 रुपये पूर्ण मिळाले, एक रुपयाही कुठे कापला गेला नाही. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातून पाठवणे महाग आणि इथून स्वस्त, याचे मला नेहमी नवल वाटते.

हिशेबी

तुमचा हिशेब करून पाहिला. दिरहमची डॉलरशी 3.6725 अशी गाठ 1997 पासून बांधलेली आहे, म्हणून दिरहमचा मध्यदर काढायला 85.40 ला 3.6725 ने भागले की पुरे: 23.254. त्या दराने 69,762 रुपये झाले असते, म्हणजे दरात 312 रुपये गेले, आणि 15.75 दिरहम शुल्काचे साधारण 366. एकूण पावणेसातशे, म्हणजे टक्क्याच्या आत. शुल्क मात्र दरातल्या तफावतीपेक्षा मोठे आहे, त्यामुळे दोन महिन्यांचे एकदम पाठवलेत तर वाचेल.

जुना_डीलर

नवल वाटण्यासारखेच आहे, पण कारण साधे आहे: डॉलरचे रुपये कोण करते आणि कुठे करते.

देवगडकरांच्या एक्स्चेंज हाऊसने भारतातल्या बँकेत रुपयांचे खाते उघडलेले असते आणि त्यात आगाऊ भरणा केलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ही जुनी व्यवस्था आहे, तिला रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट म्हणतात. खिडकीवर दिरहम दिले की इथे त्या खात्यातून रुपयेच निघतात आणि देशातल्या देशात एनईएफटीने आईच्या खात्यात जातात. वाटेत परदेशी बँक नाही, इथे पुन्हा चलन बदलणे नाही, म्हणून टीटी बाइंगही नाही. एक्स्चेंज हाऊस दिवसभरात हजारो लोकांचे दिरहम गोळा करून रुपये एकगठ्ठा घेते, म्हणून त्याला घाऊक दर मिळतो; आणि समोरच्या गल्लीत दुसरी खिडकी असल्याने तो दर त्याला ग्राहकाला द्यावा लागतो.

काकांच्या बाबतीत उलट झाले. शिकागोहून डॉलर हे डॉलर म्हणूनच निघाले, मधल्या बँकांतून गेले आणि कराडला येऊन रुपये झाले. चलन बदलून देणारा एकच होता आणि तोही आधीपासून ठरलेला. मुलाला तिथे दर दिसलाच नाही आणि काकांना इथे निवड करता आली नाही.

पण म्हणून "तिकडूनच रुपयांत पाठव" असे मुलाला सांगू नका. कित्येक परदेशी बँका रुपयांत पाठवल्यास शुल्क माफ करतात आणि त्याहून जास्त दरात कापून घेतात. आधी दर विचारायचा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मी शाखेत जाऊन संदेशाची प्रत मागितली. दोन फेऱ्या झाल्या, पण मिळाली. त्यातल्या कामाच्या ओळी जशाच्या तशा देतो:

```
:32A:250602USD1982,
:33B:USD2000,
:71A:SHA
:71F:USD10,
:71F:USD8,
```

मुलाकडून आणखी एक गोष्ट कळली की त्याच्या बँकेने पाठवण्याचे 35 डॉलर त्याच्या खात्यातून वेगळे घेतले होते. ते त्याने मला सांगितलेच नव्हते.

जुना_डीलर

हाच तो कागद. `33B` म्हणजे मुलाने सांगितलेली रक्कम, `32A` म्हणजे तुमच्या बँकेच्या हातात पडलेली. `71F` च्या दोन ओळी म्हणजे वाटेतल्या दोन बँकांनी आपापले 10 आणि 8 डॉलर काढून घेतले. आणि `71A` समोर `SHA` आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच्या बँकेचे शुल्क भरायचे आणि पुढचे घेणाऱ्याच्या रकमेतून जायचे, असे फॉर्मवर निवडले गेले होते. तिथे `OUR` असते तर सगळे शुल्क मुलाकडून गेले असते. पण `OUR` लिहूनही मधल्या एखाद्या बँकेने कापून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, तेव्हा तो हमखास उपाय समजू नका.

हिशेबी

मग आता पूर्ण हिशेब मांडता येतो. काकांना कमी आलेले 3,639.72 रुपये असे गेले: मधल्या बँकांचे 18 डॉलर म्हणजे 1,537.20, दरातले 85 पैसे 1,982 डॉलरवर म्हणजे 1,684.70, जीएसटी 240.82, सेवाशुल्क 177. यात मुलाने वेगळे भरलेले 35 डॉलर, म्हणजे 2,989 रुपये, मिळवले तर कुटुंबाचा खर्च 6,628.72 झाला. मुलाच्या खात्यातून 2,035 डॉलर गेले आणि तुमच्या खात्यात 1,67,160 आले, तेव्हा तुम्हाला खऱ्या अर्थाने दर मिळाला 82.14. मी कोणत्याही व्यवहारात हाच एक आकडा काढतो, कारण त्यात काही लपवता येत नाही.

काका, ज्या 84.55 वर तुमचा राग होता त्याचा वाटा एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याइतकाच आहे. तुमचा एकूण खर्च 3.8 टक्के पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत असा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांखाली आणायचे ठरले आहे.

तरीही माझा मुद्दा कायम आहे. सूचनापत्रावर "मध्यदर इतका, आमची तफावत इतकी" अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

जुना_डीलर

कोणत्या क्षणाचा मध्यदर छापायचा, ही हरकत आहे. काकांनी संध्याकाळचा 85.40 धरला. दर सकाळी ठरला होता आणि तेव्हा बाजार 85.25 ला असेल तर तफावत 70 पैसे होते, 85.55 ला असेल तर एक रुपया. शिवाय रक्कम ज्या दिवशी जमा झाली तो दिवस आणि काकांनी गूगल पाहिले तो दिवस एकच होता का, हेही आपण पाहिलेले नाही.

हिशेबी

दुपारचा संदर्भदर छापा. रोज एकच असतो, सगळ्यांना सारखा, आणि जीएसटीच्या नियमाला तो चालतो. ग्राहकालाच तो का चालत नाही हे मला अजून कळलेले नाही.

जुना_डीलर

अकरा वाजता खात्यावर पैसे जमा केले तर दुपारचा दर आलेलाच नसतो. पण आदल्या दिवसाचा छापता येईल, हे मान्य. बँका आपणहून ते करणार नाहीत, हेही मान्य.

मीनल_प

काका, पुढच्या वेळी रक्कम मोठी असेल तर आधी शाखेत विचारा, एवढेच मी सांगेन.

कृष्णाकाठ

विचारले. घराचे छप्पर काढून नवे घालायचे आहे, त्यासाठी मुलगा 20,000 डॉलर पाठवणार आहे. या वेळी शाखाधिकाऱ्यांनी स्वतः मुंबईला फोन लावला आणि मध्यदराखाली 20 पैशांनी दर देऊ असे सांगितले. 85 पैशांच्या हिशेबाने 17,000 रुपये गेले असते, आता 4,000 जातील. अट एवढीच की पैसे आल्याचे कळताच, ते रुपयांत बदलले जाण्याच्या आधी, मी लेखी कळवायचे. नाहीतर यंत्रणा आपोआप कार्ड रेट लावते.

दर मात्र आज बांधून देत नाहीत, पैसे त्यांच्या न्यूयॉर्कच्या खात्यात पडल्यावरच देतील म्हणतात. मधल्या दोन-तीन दिवसांत रुपया वधारला तर नुकसान माझे. यावर काही उपाय आहे का?

जुना_डीलर

पुढच्या तारखेचा दर आज बांधता येतो, त्याला फॉरवर्ड म्हणतात, पण 20,000 डॉलरसाठी आणि तीन दिवसांसाठी कोणतीही शाखा तुमच्या मागे लागून तो करून देणार नाही. केला आणि पैसे वेळेवर आले नाहीत तर तो रद्द करण्याचा खर्च तुमच्या अंगावर येईल. तीन दिवसांत रुपया वीस-तीस पैसे इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो, तेवढी जोखीम मी स्वतः घेतली असती. मुलाला सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा, म्हणजे पैसे वाटेत असताना शनिवार-रविवार लागणार नाही. आणि ते लेखी पत्र आजच देऊन ठेवा, त्यावर शाखेचा पोचशिक्का घ्या.

देवगडकर_दुबई

काका, छपराला मंगलोरी कौले घालणार असाल तर त्याचा वेगळा धागा काढा, मलाही आईच्या घराचे करायचे आहे.